‘पाच मिनिटांत शंभर’ म्हणजे नेमकं किती?

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं आणि कोविनवर स्लॉट मिळवणं ही शर्यतच होऊन बसली. स्लॉट केव्हा दिसतील याचा नेम नसे, आणि दिसले की बघता बघता संपत. ज्यांना प्रोग्रॅमिंग येत होतं त्यांनी यातून वाट काढली. कोविनची सार्वजनिक एपीआय होती, म्हणजे वेबसाइट न उघडता एखाद्या प्रोग्रॅमने थेट सर्व्हरला विचारावं अशी सोय. तिथल्या `calendarByDistrict` या पत्त्यावर जिल्ह्याचा क्रमांक आणि तारीख पाठवली, की त्या जिल्ह्यातली केंद्रं आणि शिल्लक स्लॉट उत्तरात येत. पुण्याचा क्रमांक होता ३६३. दर काही सेकंदांनी हा प्रश्न विचारायचा आणि स्लॉट दिसताच टेलिग्रामवर निरोप धाडायचा, एवढंच काम करणारे छोटे प्रोग्रॅम कितीतरी लॅपटॉपवर दिवसरात्र चालू लागले.

या एपीआयला एक अट होती: एका आयपी अ‍ॅड्रेसवरून ५ मिनिटांत १०० रिक्वेस्ट, त्यापेक्षा जास्त नाहीत. याला रेट लिमिटिंग म्हणतात. मर्यादा ओलांडली की सर्व्हर सहसा ४२९ हा आकडा परत पाठवतो. ‘फार रिक्वेस्ट झाल्या, थांबा’ असा त्याचा अर्थ. २०१२ मध्ये तो इंटरनेटच्या प्रमाणित संकेतांत दाखल झाला.

‘५ मिनिटांत १००’ हे वाक्य वाचायला अगदी साधं आहे. शंका घ्यावी असं त्यात काही दिसत नाही. पण ते कोडमध्ये उतरवायला बसलं की पहिलाच प्रश्न येतो: कुठली पाच मिनिटं? घड्याळातली, आत्तापासून मागे मोजलेली, की नुसती सरासरीपुरती? या तीन उत्तरांतून तीन पद्धती निघतात. रिक्वेस्ट संथपणे, सारख्या अंतराने येत असतील तर तिन्ही पद्धती सारख्याच वागतात. फरक दिसतो तो लोंढा येतो तेव्हा, आणि रेट लिमिटिंगची खरी गरजही तेव्हाच असते. म्हणून हीच अट उदाहरणादाखल घेऊ, तिन्ही पद्धतींनी राबवू आणि तिन्हींवर एकच लोंढा सोडून पाहू.

लोंढा असा: एक प्रोग्रॅम १० वाजून ४ मिनिटं ५० सेकंदांनी जागा होतो आणि सेकंदाला १० या वेगाने २० सेकंद रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजे १०:०५ च्या ठोक्याआधी १०० आणि ठोक्यानंतर १००.

फिक्स्ड विंडो: घड्याळाचे कप्पे

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे वेळेचे पक्के कप्पे पाडायचे. १०:०० ते १०:०५ हा एक, १०:०५ ते १०:१० हा दुसरा. प्रत्येक आयपीसाठी प्रत्येक कप्प्यात एक आकडा ठेवायचा. रिक्वेस्ट आली की तो एकाने वाढवायचा आणि १०० च्या वर गेला की नकार द्यायचा. हे आकडे बहुधा रेडिस नावाच्या वेगवान डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि तिथे काम दोन ओळींत होतं:

```
INCR   limit:203.0.113.7:5399479
EXPIRE limit:203.0.113.7:5399479 300
```

शेवटचा लांबलचक आकडा म्हणजे कप्प्याचा क्रमांक. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचच्या वेळेनुसार) उलटलेले सेकंद घ्यायचे, ३०० ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. १ मे २०२१ रोजी आपल्याकडच्या १०:०५ ला सुरू होणाऱ्या कप्प्याचा क्रमांक असाच ५३९९४७९ येतो. पहिली ओळ त्या आकड्यात एक मिळवून नवा आकडा परत देते. दुसरी सांगते की ३०० सेकंदांनी ही नोंद पुसून टाक.

आता आपला लोंढा सोडू. १०:०४:५० पासून आलेल्या १०० रिक्वेस्ट ५३९९४७८ क्रमांकाच्या कप्प्यात मोजल्या जातात आणि सगळ्या पास होतात. १०:०५ ला नवा कप्पा सुरू होतो, त्यातला आकडा शून्य. पुढच्या १०० रिक्वेस्टही पास होतात. २० सेकंदांत २०० रिक्वेस्ट गेल्या, आणि नियम मात्र कागदोपत्री कुठेच मोडलेला नाही. कप्प्याच्या सीमेवर दुपटीने माल निसटणं हा या पद्धतीचा सगळ्यांना ठाऊक असलेला दोष आहे.

याहून त्रासदायक दोष मात्र एका प्रोग्रॅमकडे पाहून दिसत नाही. समजा असे १०,००० प्रोग्रॅम आहेत. अटीप्रमाणे त्या सर्वांचा मिळून सरासरी भार सेकंदाला साधारण ३,३३३ रिक्वेस्ट इतका होतो, आणि सर्व्हरची ताकद त्या हिशेबाने ठेवली आहे. पण कप्पे घड्याळाला बांधलेले असल्यामुळे सगळ्यांचे आकडे एकाच क्षणी शून्यावर येतात. आधीच्या कप्प्यात कोटा संपवून बसलेले सगळे प्रोग्रॅम १०:०५:०० ला एकदम सुटतात, आणि त्या घटकेला नियम १० लाख रिक्वेस्टना परवानगी देऊन बसलेला असतो. गर्दी आवरण्यासाठी लावलेली अटच गर्दीला मुहूर्त काढून देते. सर्व्हरच्या भाराच्या आलेखावर दर पाच मिनिटांनी, नेमकं मिनिटाच्या ठोक्यावर सुळकं उभं राहत असेल, तर फिक्स्ड विंडोवर संशय घ्यायला हरकत नाही.

स्लायडिंग विंडो: आत्तापासून मागे

दुसरं उत्तर घड्याळाचे कप्पे मानतच नाही. प्रत्येक रिक्वेस्टच्या वेळी ‘या क्षणापासून मागच्या ३०० सेकंदांत किती झाल्या’ असं मोजायचं. विंडो काळाबरोबर पुढे सरकत राहते. याचा काटेकोर प्रकार म्हणजे स्लायडिंग लॉग. त्यात पास झालेल्या प्रत्येक रिक्वेस्टची वेळ लिहून ठेवतात. नवी रिक्वेस्ट आली की ३०० सेकंदांहून जुन्या वेळा खोडायच्या, उरलेल्या मोजायच्या, आणि १०० पेक्षा कमी असतील तरच आत घ्यायचं.

आपल्या लोंढ्यातल्या पहिल्या १०० रिक्वेस्ट इथेही पास होतात. १०:०५ नंतरच्या १०० मात्र सगळ्या अडतात, कारण मागच्या पाच मिनिटांत आधीच १०० झालेल्या आहेत. दार पुन्हा उघडतं ते १०:०९:५० ला, पहिली नोंद जुनी झाल्यावर. कुठलीही पाच मिनिटं उचलून मोजा, १०० पेक्षा जास्त सापडायच्या नाहीत. वाक्यातला शब्दन् शब्द पाळणारी ही एकच पद्धत.

या काटेकोरपणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली जागेची. फिक्स्ड विंडोला एका आयपीमागे एक आकडा पुरतो, इथे १०० वेळा साठवाव्या लागतात. एक वेळ ८ बाइटची धरली तरी एका आयपीला ८०० बाइट आणि दहा लाख आयपींना ८०० एमबी, तेही डेटाबेसचा स्वतःचा पसारा न धरता. दुसरी किंमत वापरणाऱ्याला पडते. दहा सेकंदांत कोटा उडवला की जवळजवळ पाच मिनिटं पूर्ण शुकशुकाट. आणि मग नोंदी ज्या वेगाने आल्या त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला १०, मोकळ्या होतात. अधीर प्रोग्रॅम त्या तशाच्या तशा वापरून टाकतो आणि पाच मिनिटांपूर्वीचा लोंढा पुन्हा उभा राहतो.

लिहिणाऱ्याकडून इथे एक चूक हमखास होते. रिक्वेस्टची वेळ आधी लॉगमध्ये टाकायची आणि मग मोजायचं, असा क्रम ठेवला तर नाकारलेल्या रिक्वेस्टही मोजल्या जातात. मग अडलेला प्रोग्रॅम दर सेकंदाला दार ठोठावत राहिला तर तो कधीच सुटत नाही, कारण त्याचं ठोठावणंच त्याच्या खात्यावर चढत राहतं. पासवर्डचे अंदाज बांधणाऱ्याला अशी शिक्षा मुद्दाम देता येईल. पण साध्या वापरकर्त्याला ती नकळत मिळू नये.

जागा वाचवण्यासाठी मग तडजोड निघाली, ती म्हणजे स्लायडिंग काउंटर. वेळांची यादी ठेवायची नाही. फक्त दोन कप्प्यांचे आकडे ठेवायचे, मागचा आणि चालू. मागच्या कप्प्याचा जेवढा भाग अजून आपल्या सरकत्या विंडोत आहे, तेवढ्याच प्रमाणात त्याचा आकडा धरायचा:

```
estimate = prev * (300 - t) / 300 + curr
```

इथे `t` म्हणजे चालू कप्प्यातले उलटलेले सेकंद. मागच्या कप्प्यातल्या रिक्वेस्ट सारख्या पसरलेल्या होत्या असं हे गणित गृहीत धरतं. आपल्या लोंढ्याने ते गृहीतक धाब्यावर बसवलं आहे, म्हणून काय होतं ते पाहू. १०:०५:०० ला अंदाज बरोबर १०० येतो, दार बंद. इथवर उत्तम, सीमेवरची दुप्पट गळती थांबली. पण १०:०६ ला, म्हणजे ६० सेकंद उलटल्यावर, मागच्या १०० पैकी ८० च धरल्या जातात, आणि तोवर २० रिक्वेस्टना वाट मिळालेली असते. खरं तर त्या सगळ्या १०० शेवटच्या दहा सेकंदांतल्या होत्या, त्यामुळे काटेकोर लॉगने एकही सोडली नसती. चूक उलट्या बाजूनेही होते. त्याच १०० रिक्वेस्ट १०:०० ते १०:००:१० दरम्यान आल्या असत्या, तर १०:०५:१५ ला खरा हिशेब शून्य असताना हे गणित ९५ दाखवतं आणि जेमतेम पाच जणींना आत घेतं.

मग ही पद्धत वापरावी का? क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०१७ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. २,७०,००० स्रोतांकडून आलेल्या ४० कोटी रिक्वेस्ट तपासल्यावर चुकीने सोडलेल्या किंवा चुकीने अडवलेल्या रिक्वेस्ट ०.००३ टक्के निघाल्या. रोजच्या वाहतुकीत अंदाज पुरेसा ठरतो तो असा. आणि आपल्या लोंढ्याच्या बाबतीतही चुकीचं स्वरूप नीट पाहिलं तर घाबरण्यासारखं नाही. वरच्या सूत्रात `prev` च्या जागी १०० घाला. चालू कप्प्यात `t` सेकंदांनंतर `t/3` इतक्याच रिक्वेस्ट जाऊ शकतात, म्हणजे तीन सेकंदांना एक. पाच मिनिटांची बेरीज २०० च्या जवळ जाते खरी, पण दुसरं शतक झिरपत जातं, एकदम आदळत नाही.

टोकन बकेट: शिलकीचा हिशेब

‘तीन सेकंदांना एक’ हा वेग तिसऱ्या पद्धतीत सुरुवातीपासूनच असतो. इथे विंडो नाहीच. प्रत्येक आयपीच्या नावाने एक बादली आहे. तिच्यात जास्तीत जास्त १०० टोकन मावतात आणि दर तीन सेकंदांना एक टोकन पडतं. रिक्वेस्टला एक टोकन खर्च होतं. टोकन नसेल तर नकार. बादली भरली की वरचं टोकन वाया जातं, त्यामुळे रात्रभर गप्प बसलेल्या प्रोग्रॅमला सकाळी हजारो टोकन मिळत नाहीत, १०० च मिळतात.

दर तीन सेकंदांनी लाखो बादल्यांत टोकन टाकत फिरणारं कोणी प्रत्यक्षात नसतं. शिल्लक टोकन आणि शेवटच्या हिशेबाची वेळ, एवढे दोनच आकडे साठवतात. रिक्वेस्ट आली की मधल्या काळात किती टोकन जमली असती ते काढतात:

```
tokens = min(100, tokens + (now - last) / 3)
last = now
if tokens >= 1:
    tokens = tokens - 1
    allow()
else:
    reject(429)
```

बादली भरलेली असताना आपला लोंढा आला, तर पहिल्या १०० रिक्वेस्ट दहा सेकंदांत जातात. तेवढ्या वेळात जमलेली तीन टोकन आणि पुढच्या दहा सेकंदांतली आणखी तीन धरली, तर २० सेकंदांत १०६ रिक्वेस्ट पास होतात. फिक्स्ड विंडोत २०० गेल्या होत्या, लॉगमध्ये १००. पण लॉगने पुढे पाच मिनिटांची कोंडी केली होती. इथे तीन सेकंद थांबलं की पुढची रिक्वेस्ट जाते. ठोका नाही, त्यामुळे ठोक्यावर सगळ्यांनी एकदम सुटणंही नाही.

या पद्धतीचा खरा गुण असा की ती दोन गोष्टी वेगळ्या करते: एकदम किती चालतील आणि सरासरीने किती चालतील. अ‍ॅमेझॉनच्या एपीआय गेटवेची मूळ मर्यादा याच पद्धतीची आहे. बहुतेक प्रदेशांत ती सेकंदाला १०,००० रिक्वेस्ट आणि बादली ५,००० ची, अशा दोन आकड्यांत सांगितलेली असते.

पण दोन आकडे आहेत म्हणजे दोन्हींचा विचार करावा लागतो. १०० ची बादली आणि तीन सेकंदांना एक टोकन, हे ‘५ मिनिटांत १००’ चं भाषांतर वाटतं, पण तसं नाही. भरलेल्या बादलीतली १०० आणि पाच मिनिटांत पडलेली १०० मिळून २०० रिक्वेस्ट जाऊ शकतात. खरोखरच १०० च्या वर जायचं नसेल, तर बादली २० ची करून पाच मिनिटांत ८० टोकन पडतील असा वेग ठेवावा लागतो. मग ती बेरीज १०० येते आणि एकदम येणारा लोंढाही २० वर थांबतो.

हा शेवटचा मुद्दा नेहमी नजरेतून सुटतो. विंडोच्या कुठल्याही पद्धतीत विंडोच्या आतल्या वेगावर बंधन नसतं. काटेकोर लॉगसुद्धा १०० रिक्वेस्ट एकाच सेकंदात आल्या तर मुकाट्याने सोडतो. १०,००० प्रोग्रॅमनी एकाच क्षणी तसं केलं, तर नियम पाळूनही सर्व्हर कोसळू शकतो. म्हणून विंडो वापरायचीच तर दोन थरांत वापरतात: ५ मिनिटांत १००, शिवाय सेकंदाला ५. टोकन बकेटमध्ये हेच काम बादलीचा आकार करतो.

प्रत्यक्षात कुठे फसतं

कागदावर बरोबर असलेली पद्धत चालवताना दोन ठिकाणी घोळ होतो. मोठी सेवा एका सर्व्हरवर नसते. दहा सर्व्हरनी आपापल्या आठवणीत हिशेब ठेवला, तर १०० ची मर्यादा नकळत १,००० होते. हिशेब एकाच डेटाबेसमध्ये आणला तरी, दोन सर्व्हरनी एकाच क्षणी ‘एक टोकन शिल्लक’ असं वाचलं तर दोघेही रिक्वेस्ट सोडतात. म्हणून वाचणं, मोजणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं डेटाबेसच्या आत, मध्ये कुणालाही न शिरू देता, एका दमात करावी लागतात. रेडिसमध्ये त्यासाठी छोटी लुआ स्क्रिप्ट चालवतात.

दुसरा घोळ मोजायचं कुणाला याचा. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे माणूस नव्हे. वसतिगृह, ऑफिस किंवा मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक एकाच आयपीमागे असू शकतात. तिथे एकाच्या हावरट प्रोग्रॅममुळे बाकी सगळ्यांना ४२९ मिळतो, आणि कुठलीही पद्धत वापरली तरी हे टळत नाही. लॉगिन असेल तिथे मर्यादा आयपीऐवजी खात्यावर लावणं हाच त्यावर इलाज.

आपल्याच सेवेत आत काय बसवलं आहे हे पडताळायचं असेल, तर कोटा संपवावा आणि मग अधूनमधून एकेक रिक्वेस्ट पाठवून पाहावी. काही सेकंदांत एकच रिक्वेस्ट जाऊन पुन्हा अडत असेल तर टोकन बकेट किंवा तिचा भाऊ शोभणारा स्लायडिंग काउंटर. घड्याळाच्या गोल आकड्यावर पूर्ण कोटा परत मिळत असेल तर फिक्स्ड विंडो. पहिल्या रिक्वेस्टपासून बरोबर पाच मिनिटांनी दार किलकिलं होत असेल तर लॉग.

निवड करताना कामाकडे पाहावं. महिन्याचा किंवा दिवसाचा कोटा, ज्यावर बिल निघतं, तिथे फिक्स्ड विंडो उत्तम, कारण ग्राहकाला ती समजते आणि हिशेब जुळतो. ओटीपी आणि पासवर्डच्या प्रयत्नांना स्लायडिंग लॉग, कारण आकडा पाच-दहाचाच असतो, जागेचा प्रश्न येत नाही आणि सूट द्यायची नसते. लाखो ग्राहकांवर स्वस्तात नजर ठेवायची तर स्लायडिंग काउंटर. प्रोग्रॅमनी वापरायच्या एपीआयला टोकन बकेट, आणि बादली मुद्दाम लहान.

आणि समोरच्या बाजूला असाल तर एवढंच करा: ४२९ आला की उत्तरासोबत आलेली `Retry-After` ही ओळ वाचा आणि तितके सेकंद थांबा. ती नसेल तर प्रत्येक नकारानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करा, आणि त्यात थोडे इकडचे तिकडचे सेकंद मिसळा, म्हणजे सगळे प्रोग्रॅम एकाच क्षणी परतणार नाहीत. रिफ्रेशचं बटण दाबत राहण्याने तुमचा नंबर लवकर लागत नाही. लॉग चुकीचा लिहिलेला असेल तर कधीच लागणार नाही.